शंभर पेशींतली एक : हॉजकिन लिम्फोमा इतका चकवा का देतो?

मानेत गाठ आली की आपल्याकडे पहिला संशय टीबीवर जातो, आणि अनेकदा तो खराही ठरतो. गंडमाळ हा शब्द मराठीत उगाच रुजलेला नाही. पण त्याच जागी, त्याच वयात, तसाच संध्याकाळचा ताप आणि तसाच रात्रीचा घाम घेऊन येणारा दुसराही एक आजार आहे. तो म्हणजे हॉजकिन लिम्फोमा. हा लसीका ग्रंथींचा कॅन्सर. वेळेवर ओळखला आणि उपचार पूर्ण झाले तर दहातले आठ किंवा त्याहूनही जास्त रुग्ण बरे होतात, आणि तरीही निदानाच्या आधी तो महिनोन्‌महिने हुलकावणी देत राहतो. याचं कारण डॉक्टरांचा हलगर्जीपणा किंवा घरच्यांचं दुर्लक्ष एवढंच नसतं. ते त्या गाठीच्या घडणीतच आहे, म्हणून सुरुवात तिथून करू.

गाठीत कॅन्सर किती असतो?

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, घसा बसला की जबड्याखाली गोळ्या लागतात. या लसीका ग्रंथी म्हणजे शरीराच्या नाक्यावरच्या पोलीस चौक्या. आत लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. त्यातल्या बी पेशी प्रतिद्रव्यं बनवतात, टी पेशी रोगट पेशींवर तुटून पडतात किंवा इतरांना हुकूम देतात. यातली एखादी पेशी बिघडून बेसुमार वाढली की तो लिम्फोमा. लिम्फोमाचे साठाहून अधिक प्रकार आहेत. त्यातला हॉजकिन बाजूला काढला की उरलेल्या सगळ्यांना मिळून नॉन-हॉजकिन म्हणतात. हे नाव तसं विचित्रच आहे. गावात एक पाटील आणि बाकी सगळे ‘बिगर-पाटील’ म्हणण्यासारखं, कारण त्या ‘बाकीच्यां’मध्ये वर्षानुवर्षं निवांत पडून राहणारा फॉलिक्युलर लिम्फोमाही येतो आणि आठवड्याभरात गाठ डोळ्यांदेखत फुगवणारा बर्किटही. लिम्फोमाच्या दहा रुग्णांपैकी साधारण एकाला हॉजकिन असतो.

मग त्या एकाला वेगळं नाव कशासाठी? कारण गाठीत.

नॉन-हॉजकिनमधला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. त्याची गाठ ज्वारीच्या पोत्यासारखी असते. कुठूनही मूठभर काढा, बहुतेक दाणे त्याच बिघडलेल्या पेशींचे. हॉजकिनची गाठ मात्र मसालेभातासारखी. पातेलंभर भातात लवंगा असाव्यात चार. शंभर पेशी मोजल्या तर खरी कॅन्सरची पेशी बऱ्याचदा एक-दोनच सापडते, आणि बाकी सगळे टी पेशी, इओसिनोफिल, प्लाझ्मा पेशी, मॅक्रोफेज आणि चिवट तंतू. हे सगळे निरोगी असतात. त्या एक-दोन पेशी रासायनिक निरोप सोडतात आणि हा जमाव गोळा करतात. मानेवर दिसणारी लिंबाएवढी गाठ म्हणजे मुख्यतः बोलावलेली गर्दी. बोलावणारा त्या गर्दीत लपलेला असतो.

घुबडाच्या डोळ्यांची पेशी

थॉमस हॉजकिन लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये शवचिकित्सा करायचे. १८३२ मध्ये त्यांनी ग्रंथी आणि प्लीहा सुजलेल्या सात रुग्णांचं वर्णन मांडलं, तेही निव्वळ डोळ्यांनी पाहून. पुढे १८६५ मध्ये सॅम्युअल विल्क्स यांनी या आजाराला हॉजकिन यांचं नाव दिलं. सूक्ष्मदर्शकाखालची विशिष्ट पेशी नीट वर्णन केली ती १८९८ मध्ये कार्ल स्टर्नबर्ग यांनी आणि १९०२ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डोरोथी रीड यांनी. यातली गंमत अशी की स्टर्नबर्ग यांना हा टीबीचाच एक प्रकार वाटला होता. हा टीबी नव्हे, वेगळाच आजार आहे, हे रीड यांनी ठासून सांगितलं. म्हणजे टीबीशी गल्लत ही आपल्याकडची खोड नव्हे. आजाराची ओळख पटत होती तेव्हापासून ती चालत आलेली आहे.

त्या पेशीला आता रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात. तांबडी रक्तपेशी साधारण सात मायक्रॉनची, तर ही वीस ते पन्नास मायक्रॉनची, कधी त्याहूनही मोठी. नेहमीच्या पेशीत एक केंद्रक असतं, हिच्यात दोन, शेजारी शेजारी, आरशातल्या प्रतिबिंबासारखी. प्रत्येक केंद्रकात मधोमध एक ठळक लालसर ठिपका आणि भोवती फिकट वलय. काचेखाली पाहिलं की अंधारातून घुबड टक लावून बघतंय असं वाटतं. ‘घुबडाचे डोळे’ हे वर्णन पॅथॉलॉजीच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्गात ऐकायला मिळतं आणि जन्मभर विसरत नाही.

दोन केंद्रकं येतात कुठून? आधी एकाच केंद्रकाची लहान पेशी असते, तिला हॉजकिन पेशी म्हणतात. ती दुभंगायला लागते, पण दोन्ही लेकी पुरत्या सुट्या होत नाहीत. मधला दोरा तुटत नाही आणि त्या पुन्हा एकमेकींत मिसळतात. अशी ती राक्षसी पेशी तयार होते. स्वतः ती पुढे फारशी विभागत नाही. गाठीची वंशवेल वाढवायचं काम त्या लहान पेशीच करतात.

ही पेशी मूळची कोण, हे कोडं १९९० च्या दशकापर्यंत सुटलेलं नव्हतं. कारण तेच : शंभरात एक. सगळी गाठ वाटून तपासली तर गर्दीचाच आवाज ऐकू येतो. शेवटी जर्मनीतल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी वेचून काढली आणि १९९४ च्या सुमारास तिच्या जनुकांतून उलगडा केला की ही बी पेशीच आहे. ज्या बी पेशीला धड प्रतिद्रव्य बनवता येत नाही ती एरवी ग्रंथीतच मरून जाते. ही मरायची राहिली. वर तिने बी पेशीच्या बहुतेक खुणाही पुसून टाकल्या. त्यामुळे बी पेशींच्या लिम्फोमांत सर्रास दिसणारी सीडी-२० ही खूण हिच्यावर बहुधा नसते किंवा पुसट असते, आणि सीडी-३० व सीडी-१५ या वेगळ्याच खुणा दिसतात. काही रुग्णांत तिच्या आत एपस्टाइन-बार विषाणूही सापडतो.

इथे एक अपवाद सांगायला हवा, कारण रिपोर्टवर तो दिसला की गोंधळ होतो. दर वीस हॉजकिन रुग्णांत साधारण एकाला ‘नोड्युलर लिम्फोसाइट प्रीडॉमिनंट’ हा प्रकार असतो. त्यातली पेशी घुबडासारखी नसून मक्याच्या फुटलेल्या लाहीसारखी दिसते आणि तिच्यावर सीडी-२० असतं. तो बहुधा संथ असतो आणि त्याचा उपचारही वेगळा. या लेखात पुढे जे आहे ते उरलेल्या एकोणीस जणांबद्दल, म्हणजे ‘क्लासिकल’ हॉजकिनबद्दल.

घाम

रीड-स्टर्नबर्ग पेशी आणि तिने जमवलेली मंडळी रक्तात जी रसायनं सोडतात त्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यातली काही मेंदूतल्या तापमानाच्या बटणापर्यंत पोचतात आणि ते वर सरकवतात. शरीर तापतं. रात्रीतून बटण परत खाली येतं, तेव्हा साठलेली उष्णता बाहेर टाकायला एकच वाट उरते आणि माणूस घामाने निथळतो. थोडक्यात, हा घाम बहुतेकदा उतरणाऱ्या तापाचा असतो. ताप रुग्णाला झोपेत कळलेलाच नसतो, कळतं ते पहाटे ओल्या कपड्यांत जाग आल्यावर.

मुंबई-कोकणात मे महिन्यात कुणाला घाम येत नाही? म्हणून इथे मोजमाप कडक ठेवलं आहे. मानेला ओल आली, उशी दमट झाली, हे मोजायचं नाही. अंगातले कपडे पिळावे लागतील, उठून बदलावे लागतील, चादर ओली होईल, तोच खरा रात्रीचा घाम. विचारण्याजोगा प्रश्न साधा आहे : त्याच खोलीत, त्याच पंख्याखाली झोपलेली दुसरी माणसं कोरडी होती का? हे पुन्हा पुन्हा होत असेल तर नोंद करा. अर्थात टीबी, पाळी जाण्याचा काळ, थायरॉइड, मधुमेहाच्या औषधाने रात्री उतरलेली साखर, यांतही असाच घाम येतो. घाम इशारा देतो, निदान करत नाही.

याच्या जोडीला दोन गोष्टी पाहतात. दुसरं कारण न सापडणारा ३८ अंश सेल्सियसच्या वरचा, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वरचा ताप. आणि प्रयत्न न करता सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त उतरलेलं वजन. घाम, ताप, वजन या तिघांना मिळून ‘बी लक्षणं’ म्हणतात. यातलं एकही असेल तर स्टेजच्या आकड्यापुढे ‘बी’ लागतं, एकही नसेल तर ‘ए’. या ‘बी’चा बी पेशींशी काही संबंध नाही, दोन वेगळ्या गोष्टींना एकच अक्षर चिकटलं आहे.

तापाचं एक जुनं वर्णन ठाऊक असलेलं बरं. काही रुग्णांत ताप आठवडा-दोन आठवडे राहतो, मग तितकेच दिवस पूर्ण जातो आणि पुन्हा येतो. एकोणिसाव्या शतकातल्या दोन डॉक्टरांवरून त्याला पेल-एबस्टाइन ताप म्हणतात. तो क्वचितच दिसतो, पण दिसला की फसवतो. नेमका ताप ओसरण्याच्या सुमारास जे औषध सुरू असेल, श्रेय त्याला मिळतं.

खाज

खाज हे लक्षण ‘बी’च्या यादीत नाही. पूर्वी ते मोजलं जायचं, पण १९७१ मध्ये अमेरिकेत अ‍ॅन आर्बर इथे स्टेज ठरवण्याची पद्धत बसवली तेव्हा नुसत्या खाजेवरून आजाराचं पुढचं भवितव्य कळत नाही म्हणून तिला वगळलं. ते स्टेजपुरतं ठीकच होतं. पण निदानाच्या बाजूने पाहिलं तर खाजेला कमी लेखणं महागात पडतं. हॉजकिनच्या बऱ्याच रुग्णांत ती असते, आणि कधी कधी गाठ हाताला लागण्याच्या कित्येक महिने आधी सुरू होते. नॉन-हॉजकिनमध्ये ती इतकी ठळक नसते. अपवाद त्वचेतल्याच टी-सेल लिम्फोमाचा, पण तिथे अंगावर लालसर, खवले असलेले चट्टे दिसतात.

हॉजकिनच्या खाजेची गोम हीच की दिसायला काहीच नसतं. गांधी नाहीत, पुरळ नाही, पाणी भरलेले फोड नाहीत. दिसतात ते खाजवून उमटलेले ओरखडे, खपल्या आणि काळे डाग. पाठ उघडी करून पाहा : दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमधला पट्टा, जिथे हात पोचत नाही, तो बहुतेकदा स्वच्छ असतो. म्हणजे त्वचेत आजार नाही, त्वचेवर दिसतं ते सगळं नखांचं काम. पाय आणि अंगभर, विशेषतः रात्री, झोपमोड करणारी ही खाज असते. सेट्रिझिनसारख्या अ‍ॅलर्जीच्या गोळीने फार तर गुंगी येते, खाज हटत नाही, कारण ही खाज मुख्यतः हिस्टामिनची नसते. त्या गर्दीतून निघणारी रसायनं चेतातंतूंना चाळवतात, असं मानलं जातं. याला दुजोरा उपचारातून मिळतो. केमो लागू पडली की वर्षभर न हटलेली खाज अनेकदा काही दिवसांत ओसरते.

खरूज आहे का हे आधी पाहावंच. तिच्यात बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुटकुळ्या असतात आणि घरातली आणखी कुणीतरी माणसं खाजवत असतात. तसं काही नसेल आणि सहा आठवड्यांहून जास्त काळ पुरळाविना अंग खाजत असेल तर मलम बदलत बसण्यापेक्षा रक्त तपासावं : हिमोग्राम, ईएसआर, यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, साखर, लोह. आणि छातीचा एक एक्स-रे. बहुतेकांच्या खाजेचं कारण या रक्ताच्या तपासण्यांत किंवा निव्वळ कोरड्या त्वचेत सापडतं. एक्स-रे मात्र त्या थोड्यांसाठी, ज्यांची गाठ छातीच्या मध्यभागी, हृदयाच्या वर, हाताला न लागता वाढत असते.

आणखी एक लक्षण आहे, दुर्मीळ पण हॉजकिनशी घट्ट जोडलेलं. दारूचा घोट पोटात गेल्यावर काही मिनिटांत गाठीच्या जागी दुखू लागणं. शंभरात जेमतेम काही जणांना होतं, आणि मराठी घरात ते कबूल करण्यात वेगळीच अडचण असते. पण असं होत असेल तर डॉक्टरांना सांगावं.

एक उदाहरण, सुरुवातीपासून

एक नमुना धरून चालू. तेवीस वर्षांची मुलगी, वजन ५४ किलो. जानेवारीत अंगाला खाज सुरू झाली. खरूज समजून घरातल्या सगळ्यांनी रात्रभर परमेथ्रिन लावलं, फरक नाही. हिमोग्राममध्ये इओसिनोफिल वाढलेले दिसले, म्हणून जंताची गोळी झाली. मार्चमध्ये डाव्या गळपट्टीच्या हाडाच्या वर गाठ लागली. दुखत नव्हती. एप्रिलपासून संध्याकाळी कणकण, पहाटे घाम, आणि मेमध्ये वजन ४८.

वजनाचं गणित : ५४ मधून ६ गेले, म्हणजे अकरा टक्के, पाच महिन्यांत. ‘बी’ची अट पुरी झाली. इओसिनोफिल जंतांनीही वाढतात आणि अ‍ॅलर्जीनेही. इथे मात्र गाठीतल्या पेशीच त्यांना हाका मारत होत्या. गाठीचा स्पर्शही बोलका असतो. हॉजकिनची गाठ साधारण रबरासारखी, न दुखणारी, त्वचेखाली सरकणारी. टीबीत गाठी एकमेकींना चिकटून गुंता होतो, पुढे मऊ पडून फुटतात, वाहतात. पण हा फरक पाठ्यपुस्तकात जितका स्वच्छ आहे तितका बोटांना नेहमी लागत नाही. जागेला अधिक वजन द्यावं : कितीही लहान असो, गळपट्टीच्या हाडावरची गाठ घशाच्या संसर्गाने सहसा येत नाही. तिची तपासणी व्हायलाच हवी.

गाठीत बारीक सुई घालून पेशी ओढल्या. ही एफएनएसी, पाच मिनिटांचं आणि स्वस्त काम. रिपोर्ट आला ‘ग्रॅन्युलोमॅटस लिम्फॅडिनायटिस’. हे शब्द वाचले की आपल्याकडे टीबीच्या गोळ्या सुरू होतात. पण ग्रॅन्युलोमा म्हणजे मॅक्रोफेज पेशींचा पुंजका, आणि तसे पुंजके हॉजकिनच्या गर्दीतही असू शकतात. सुईच्या टोकाला गर्दी आली, घुबड आलं नाही. मसालेभाताचा एक चमचा घेतला आणि लवंग लागली नाही, म्हणून भातात लवंग नाही असं कुणी म्हणेल का? शिवाय हॉजकिनचा ‘नोड्युलर स्क्लेरोसिस’ हा प्रकार तंतूंनी इतका चिवट असतो की सुईत पेशीच नीट येत नाहीत. त्यामुळे एफएनएसीत लिम्फोमा दिसला तर उपयोगी, न दिसल्यास काहीच सिद्ध होत नाही.

रिपोर्टमध्ये टीबीचा जंतू दिसला होता का, सीबीनॅट तपासणी पॉझिटिव्ह होती का, हा प्रश्न इथे विचारायला हवा होता. मान्टू चाचणीच्या भरवशावर राहता येत नाही. हॉजकिनमध्ये टी पेशी सुस्तावतात, त्यामुळे टीबी असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते, आणि आपल्या देशात ती पॉझिटिव्ह येण्याला फारसा अर्थ नाही.

जूनमध्ये एकेटी, म्हणजे टीबीची चार औषधं सुरू झाली. पहिल्या दोन आठवड्यांत ताप गेला, सगळ्यांना हायसं वाटलं. मग परत आला. तापाचा तो चढ-उतार आजाराचाच होता. ऑगस्टपर्यंत गाठ तीन सेंटिमीटरवरून पाच झाली. इथे सावध राहावं, कारण खऱ्या टीबीतही उपचार लागू पडत असताना गाठ काही काळ फुगू शकते. म्हणून गाठ वाढली एवढ्यावरून निदान चुकलं असं म्हणता येत नाही. पण जंतूचा पुरावा कधीच मिळालेला नाही आणि दोन महिन्यांत गाठ वाढतेच आहे, या दोन्ही गोष्टी जुळल्या की औषध बदलण्याआधी गाठ काढून तपासावी. या टप्प्यावर सर्वांत घातक चूक म्हणजे ‘सूज उतरायला’ स्टेरॉइड देणं. स्टेरॉइडने लिम्फोमाची गाठही आकसते, ताप जातो, भूक लागते आणि बायोप्सीत मात्र ओळखू येईल असं काही उरत नाही.

बायोप्सी कशी व्हावी

अख्खी गाठ काढणं सर्वांत चांगलं, कारण एकटी पेशी पुरत नाही, तिच्याभोवतीची गर्दी आणि गाठीची ठेवणही दिसावी लागते. घुबडासारखी दिसणारी पेशी काही विषाणूंच्या तापात आणि इतर काही लिम्फोमांतही सापडते. म्हणून योग्य पेशी आणि योग्य गर्दी, दोन्ही हवं. निवड असेल तर जांघेतली गाठ टाळावी. पायांच्या भेगा-जखमांनी ती कायम थोडी सुजलेलीच असते. गाठ फक्त छातीत किंवा पोटात खोल असेल तर सीटीखाली जाड सुईने लांबट तुकडे काढतात.

ऑपरेशन थिएटरमधली एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट पुढचं सगळं ठरवते. गाठीचा एक छोटा तुकडा सलाइनमध्ये टीबीच्या कल्चर आणि सीबीनॅटसाठी जायला हवा, उरलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये. सगळीच फॉर्मॅलिनमध्ये बुडवली तर जंतू मरतात आणि कल्चर कायमचं हुकतं, सगळीच सलाइनमध्ये ठेवली तर पेशी सडतात. फॉर्मॅलिन गाठीच्या दहापट तरी असावं आणि मोठी गाठ कापून ठेवावी. अख्खा गोळा चिमुकल्या बाटलीत कोंबला तर द्रव आतपर्यंत पोचत नाही आणि खुणांच्या तपासण्या फसतात. नातेवाइकांनी ऑपरेशनच्या आधी एवढंच विचारावं : ‘टीबीसाठी वेगळा तुकडा पाठवणार ना?’

आपल्या उदाहरणात रिपोर्ट असा आला : मोठ्या पेशी सीडी-३० पॉझिटिव्ह, सीडी-१५ पॉझिटिव्ह, सीडी-२० निगेटिव्ह, सीडी-४५ निगेटिव्ह, पॅक्स-५ पुसट पॉझिटिव्ह, भोवती सीडी-३ असलेल्या टी पेशी. वाचायचं असं : सीडी-४५ ही जवळजवळ सगळ्या पांढऱ्या पेशींवरची खूण, ती इथे नाही. सीडी-२० नाही. पण पॅक्स-५ पुसट का होईना आहे, म्हणजे मूळ घराणं बी पेशीचं. आणि तीस-पंधराची जोडी. हे सगळं मिळून क्लासिकल हॉजकिन. मोठ्या पेशींवर सीडी-२० आणि सीडी-४५ ठळक असतं तर बोट नॉन-हॉजकिनकडे वळलं असतं आणि उपचारात सीडी-२० वर बसणारं रिटुक्सिमॅब आलं असतं. इथे त्याला धरायला हँडलच नाही. नेमकं नाव कळण्याचा उपयोग हाच. पुढे दुसरं मत घ्यायला, टाटाला किंवा आणखी कुठे, नुसता कागद पुरत नाही. लॅबमधून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक दोन्ही मागून घ्यावेत.

पसरतो कसा, आणि उरतं काय

हॉजकिन बहुधा शेजारधर्म पाळतो. मानेतून गळपट्टीच्या हाडावर, तिथून छातीच्या मध्यात, मग खाली प्लीहेकडे, असा एका ग्रंथीतून लागून असलेल्या पुढच्या ग्रंथीत. नॉन-हॉजकिन उड्या मारतो. टॉन्सिल, आतड्याजवळच्या ग्रंथी, कोपराजवळची गाठ, जठर, त्वचा अशा जागी सुरुवात झाली तर हॉजकिनची शक्यता बरीच कमी. वयही सांगतं : हॉजकिन साधारण पंधरा ते पस्तीसमध्ये आणि पुन्हा पंचावन्नच्या पुढे, तर नॉन-हॉजकिनचे बहुतेक प्रकार वयाबरोबर वाढत जातात. आपल्याकडे लहान मुलांतही हॉजकिन दिसतो.

या मुलीच्या पेट-सीटीत डावी मान आणि छातीचा मध्य चमकला, पोटात काही नाही. छाती-पोटामधल्या पडद्याच्या एकाच बाजूला दोन जागा, म्हणजे स्टेज दोन. लक्षणं होती, म्हणून दोन-बी. पेट-सीटी पसरण्याचा नकाशा देतं, आजाराचं नाव देत नाही. टीबीची गाठही तितकीच चमकते.

उपचार ठरला एबीव्हीडी, चार औषधांची केमो, दर पंधरा दिवसांनी एक डोस, दोन डोसांची एक सायकल. दोन सायकलनंतर, म्हणजे चार डोसांनंतर पुन्हा पेट. त्यावर एक ते पाच असा डोव्हिल आकडा मिळतो. उरलेली चमक यकृताच्या चमकेइतकी किंवा त्याहून कमी असेल तर आकडा तीनपर्यंत, आणि तो चांगला. तसं आलं तर या टप्प्यावर चारांतलं ब्लिओमायसिन पुष्कळदा वगळतात, कारण ते फुप्फुसाला इजा करतं. म्हणूनच केमो चालू असताना कोरडा खोकला किंवा जिना चढताना नवी धाप लागली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता कळवावं. चार-पाच आकडा आला तर औषधं वाढवतात किंवा बदलतात. सीडी-३० ला धरून विष आत सोडणारं ब्रेंटुक्सिमॅब, किंवा सुस्तावलेल्या टी पेशींना जागं करणारी इम्युनोथेरपी, ही याच पेशीचा अभ्यास करून निघालेली हत्यारं.

तिची खाज दुसऱ्या डोसाच्या आधीच थांबली. पेटचा आकडा दोन आला. सहा सायकल संपल्यावर मात्र सीटीच्या रिपोर्टमध्ये ओळ होती : छातीत अडीच सेंटिमीटरची उरलेली गाठ. घरात पुन्हा रडारड. पण ती गाठ मुळातच जवळजवळ सगळी गर्दी आणि तंतूंची होती. बोलावणारा गेला, गर्दी पांगली, आणि तंतूंचा मांडव तेवढा उभा राहिला. तो वर्षानुवर्षं तसाच दिसू शकतो. पेटवर तो चमकत नसेल आणि आकार वाढत नसेल, तर ते व्रण आहेत. म्हणून उपचार संपल्यावरच्या स्कॅनची सीडी आणि फिल्म जपून ठेवायची. पाच वर्षांनी दुसऱ्याच कारणासाठी छातीचा सीटी होईल, नवा रेडिओलॉजिस्ट ती अडीच सेंटिमीटरची सावली पाहून दचकेल, तेव्हा शेजारी ठेवायला जुनी फिल्म हाताशी हवी.